लेबलच्या रेषेचं टोक

बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरावर, सूचनांमध्येच, गरज असेल तिथे सुबक आणि नावं दिलेल्या आकृत्या काढायला सांगितलेलं असतं. ही गरज कुठे असते, हे विद्यार्थ्याला कसं कळावं? एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या दोघांची यावर दोन मतं आहेत. सर तरुण आहेत, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा त्यांनी मोठा तक्ता केला आहे. बाई त्यांच्याच शिक्षिका, आता निवृत्तीला आलेल्या. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर दोघांचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे, कारण बोर्डाचा पेपर लिहिणाऱ्या मुलांच्या ते थेट कामाचं आहे.

सर : बाई, मुलं मला विचारतात की सगळ्या आकृत्या करायच्या का. मी नाही म्हणतो. बारावीच्या पुस्तकात पंधरा प्रकरणं आहेत आणि आकृत्यांची तर रेलचेल आहे. त्यातल्या मोजक्याच अशा आहेत की ज्यांना स्वतंत्र गुण पडतात. त्या जुन्या पेपरांतून शोधायच्या आणि त्यांचाच सराव करायचा. मुलांच्या हातात वेळ किती आहे ते तुम्हीही बघताय.

बाई : तुझा तक्ता बघितला मी. मेहनतीने केला आहेस. पण त्यात मूत्रपिंडाचा छेद आणि हरितलवकाची रचना वरच्या क्रमांकावर कशी?

सर : जुन्या पेपरांत त्या कितीदा तरी आल्या आहेत.

बाई : आल्या होत्या, कारण तेव्हा उत्सर्जन आणि प्रकाशसंश्लेषण बारावीला होतं. २०२०-२१ला अभ्यासक्रम बदलला आणि ही दोन्ही प्रकरणं अकरावीत गेली. पेपरही बदलला. आधी वनस्पतीशास्त्राचे ३५ आणि प्राणीशास्त्राचे ३५, दोन वेगळ्या उत्तरपत्रिका, आणि सात गुणांचे मोठे प्रश्न असायचे. सात गुणांच्या प्रश्नात ऐसपैस आकृतीला जागा होती. आता सगळ्यात मोठा प्रश्न चार गुणांचा आहे. तुझ्या तक्त्यात या दोन काळांचे पेपर एकाच रांगेत बसले आहेत.

सर : हे मान्य. बदलाआधीचे पेपर बाजूला काढतो. पण नंतरच्या पेपरांतही काही आकृत्या पुन्हा पुन्हा दिसतात. मुलांनी त्या कराव्यात की नाही?

बाई : कराव्यात. पण तुझ्या तक्त्यात आकृतीचं नाव आहे आणि प्रश्नातलं क्रियापद नाही. गुण त्या क्रियापदावर ठरतात.

बाईंच्या या म्हणण्यावर थोडं थांबायला हवं, कारण तक्ते करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. ‘हृदय, तीन वेळा’ एवढी नोंद करून हाती काहीच लागत नाही. त्या तीनपैकी एकदा हृदयाची आकृती काढून नावं द्यायला सांगितलेलं असेल, एकदा आकृतीच्या मदतीने स्पष्टीकरण मागितलं असेल, तर एकदा आयती आकृती छापून ‘अ’ आणि ‘ब’ हे भाग ओळखायला सांगितले असतील. तिन्हींची तयारी वेगळी करावी लागते.

सर : मग मी त्यांचे गट करतो. ‘ड्रॉ अँड लेबल’ म्हटलं असेल तर आकृती हेच उत्तर, सगळे गुण तिचेच. ‘विथ सुटेबल डायग्राम’ म्हटलं असेल तर गुण आकृती आणि मजकुरात वाटले जातात. नुसतं ‘डिस्क्राइब’ म्हटलं असेल तर आकृतीला वेगळे गुण नाहीत. आणि आकृती छापूनच दिली असेल तर काढायचा प्रश्नच नाही, फक्त वाचायची.

बाई : बरोबर. पण ती वाटणी नेहमी निम्मी-निम्मीच होते, असं मुलांना सांगू नकोस. त्या वर्षीच्या नमुना उत्तरात ती ठरते. कधी आकृती एक आणि नावं एक, तर कधी नावांनाच सगळे गुण. सीबीएसई परीक्षेनंतर गुणदान योजना प्रसिद्ध करते, ती एकदा बघ. तीन गुणांच्या आकृतीसाठी ‘कोणतीही सहा नावं, प्रत्येकी अर्धा गुण’ अशी मांडणी तिथे सर्रास दिसते. म्हणजे सुंदर रेखाटन केलं आणि दोनच नावं दिली, तर मिळाला एक गुण.

सर : म्हणूनच मी म्हणतो की नावं पाठ करा, आकृती साधी काढा.

बाई : इथेच आपले रस्ते वेगळे होतात. नावं पाठ असलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिकेत उजवीकडे सगळी नावं ओळीने येतात, स्पेलिंगसकट अचूक. मग मी रेषेचं टोक बघते. ‘न्युसेलस’ची रेषा आवरणावर थांबलेली असते आणि ‘एग सेल’ची रेषा भलत्याच पेशीवर. अर्धा गुण त्या टोकाला असतो, नावाला नाही.

सर : एखादी आकृती घेऊन बोलूया. अ‍ॅनाट्रोपस ओव्ह्यूल. तक्त्यात ती अगदी वर आहे.

बाई : चांगली निवड केलीस. ‘अ‍ॅनाट्रोपस’ म्हणजे उलटं झालेलं बीजांड. ते १८० अंशांत वळलेलं असतं, त्यामुळे त्याचं तोंड, म्हणजे मायक्रोपाइल, देठाच्या बुंध्याशी येतं. देठ म्हणजे फ्युनिकल. तो बीजांडाच्या अंगाला चिकटून दुसऱ्या टोकाकडे, चलाझाकडे जातो. मुलं काय करतात? मधोमध अंडाकृती काढतात, खाली देठ आणि वर बरोबर समोर तोंड. ते सरळ बीजांड झालं, ऑर्थोट्रोपस. नावं सगळी बरोबर, रेखाटन देखणं आणि आकृती दुसऱ्याच कोणाची.

सर : ही चूक मलाही दिसते. पण मला त्याहून जास्त दिसते ती आतली. अंड्याची पेशी चलाझाकडे आणि अँटिपोडल पेशी तोंडाकडे. हे कशामुळे होतं ते मात्र नीट उमगलेलं नाही.

बाई : मुलाची वही उघड आणि ते कुठून उतरवतात ते बघ. बीजांड एका पानावरून घेतात आणि भ्रूणकोष दुसऱ्या पानावरून. एखाद्या आकृतीत मायक्रोपाइल वर दाखवलेलं असतं आणि दुसरीत खाली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मूल वरच्या तोंडाचं बीजांड काढतं आणि त्यात खालच्या तोंडाचा भ्रूणकोष जसाच्या तसा बसवतं. तुझ्या तक्त्यातून हे कधीच कळणार नाही.

सर : मग सराव कसा घ्यायचा? पाटी कोरी आहे असं समजून सांगा.

बाई : कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ, ती प्लासेंटा. तिच्यावरून उजवीकडून देठ वर न्यायचा. त्याच्या डाव्या अंगाला बीजांडाचं शरीर, तोंड खाली, प्लासेंटाच्या बाजूला. देठ जिथे शरीराला टेकतो ती जागा हायलम, आणि ती तोंडाच्या जवळच येते. मग बाहेरचं आवरण आणि आतलं आवरण. तळाशी दोन्हींत फट एकाच रेषेत राहिली पाहिजे. घाईत बाहेरच्या आवरणात फट ठेवतात आणि आतलं बंद करून टाकतात. आवरणांच्या आत न्युसेलस, त्याच्या आत भ्रूणकोष.

सर : आणि भ्रूणकोषात सात पेशी, आठ केंद्रकं.

बाई : आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण काढताना मोजत कोणी नाही. तोंडाकडे तीन पेशी : मध्ये अंड, दोन बाजूंना सिनर्जिड, आणि त्यांच्या तोंडाकडच्या टोकाशी फिलिफॉर्म अ‍ॅपरेटसच्या बारीक रेघा. चलाझाकडे तीन अँटिपोडल. या सहा पेशी झाल्या. सातवी मोठी मधली पेशी, तिच्यात दोन पोलर न्युक्लिआय. केंद्रकं मोजली की आठ भरली पाहिजेत. बरीच मुलं मधल्या दोन केंद्रकांभोवती वेगळ्या भिंती घालतात, मग पेशी आठ होतात आणि उत्तरातलं वाक्य एक सांगतं, आकृती दुसरंच.

सर : हे सगळं समजून काढायला वेळ लागतो, बाई. १८० मिनिटांत ७० गुणांचा पेपर आहे. वाचायला आणि शेवटी नजर टाकायला पंधरा मिनिटं काढली तर तीन गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटं येतात. त्यातली निम्मी मजकुराला गेली तर आकृतीला साडेतीन मिनिटं. तुमचं बीजांड त्यात बसेल?

बाई : बसेल, काय गाळायचं ते ठरवलं असेल तर. छायांकन नको, ठिपके नकोत, न्युसेलसच्या पेशी एकेक करून भरणं नको. एकेरी, सलग रेघ. दोन-तीनदा गिरवलेल्या रेघेत टोक कुठे आहे तेच कळत नाही. आकृती साधारण वीतभर जागेत, नावं सगळी उजव्या बाजूला एकाखाली एक, रेषा पट्टीने, बाण नाही, एकमेकींना छेद नाही. वेळ खाते ती लहान आकृती. जागा कमी पडते, मग खोडणं, मग पुन्हा काढणं.

सर : आणि बरोबर आली का हे मुलाने घरी स्वतःच कसं ओळखायचं? तुम्ही तर प्रत्येकाच्या घरी जाणार नाही.

बाई : वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने परागनलिका काढायला सांग. बाहेरून यायचं, मायक्रोपाइलमधून आत जायचं आणि सिनर्जिडमध्ये पोचायचं. वाटेत आवरणाची रेघ ओलांडावी लागली तर फट चुकली. अँटिपोडल आधी भेटल्या तर भ्रूणकोष उलटा बसला. नळी देठाच्या विरुद्ध टोकाने शिरली तर बीजांड अ‍ॅनाट्रोपस नाही. एका रेघेत तीन चुका सापडतात. परीक्षेत ती रेघ काढायची नाही, सरावातच काढायची.

सर : सुरूच्या झाडाचं काय? त्यात परागनलिका चलाझाकडून शिरते. वनस्पतीशास्त्रज्ञ ट्रॉयबने १८९१मध्ये दाखवलं होतं. तुमची कसोटी तिथे फसेल.

बाई : फसेल. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात ती वापरू नकोस. पण पेपरात जे नेहमीचं अ‍ॅनाट्रोपस बीजांड विचारतात त्याला ती लागू आहे. आणि एखाद्या मुलाने सुरूचं उदाहरण काढून मला अडवलं, तर त्याला बीजांड पुरतं कळलं असं मी समजेन.

सरांनी घेतलेला आक्षेप योग्य होता आणि बाईंनी तो खुल्या मनाने घेतला. मला या कसोटीचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं. पुस्तकाशी ताडून बघताना डोळा दोन चित्रांचं साम्य शोधतो आणि ‘जवळपास तसंच’ दिसलं की समाधान मानतो. नळी आत नेताना मात्र प्रत्येक भाग शेजारच्या भागाला कुठे लागून आहे, हे तपासावंच लागतं.

सर : हृदयाच्या वहन संस्थेवर बोलू. तिथे तुमचं ‘सगळं समजून काढा’ मला उलट त्रासदायक वाटतं. प्रश्न असतो कंडक्टिंग सिस्टिमचा आणि मुलं चारही झडपा, महाधमनीची कमान, फुप्फुसधमनी, सगळं काढत बसतात. आकृती संपते तेव्हा मजकुराला वेळ उरत नाही.

बाई : इथे तुझं बरोबर आहे. त्या प्रश्नात हृदय फक्त चौकट आहे. बाहेरची रेघ, मधला पडदा, चार कप्पे आणि वरच्या महाशिरेचं तोंड. बस.

सर : महाशिरेचं तोंड कशाला?

बाई : एसए नोड दाखवायला. तो उजव्या कर्णिकेच्या भिंतीत, वरची महाशीर उघडते त्याच्या जवळ असतो. ते तोंड नसेल तर मूल एसए नोड कर्णिकेत कुठेही टिंब देऊन टाकतं. एव्ही नोड उजव्या कर्णिकेच्या तळाशी, दोन कर्णिकांमधल्या पडद्याजवळ. तिथून बंडल ऑफ हिस जवनिकांमधल्या पडद्यात उतरतं, त्याच्या दोन शाखा होतात, आणि शाखांपासून परकिंजे तंतू जवनिकांच्या भिंतींत पसरतात. नेहमीची चूक ठाऊक आहे ना?

सर : डावं-उजवं. शरीराची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते. मुलं एसए नोड कागदाच्या उजवीकडे काढतात.

बाई : आणि मग दोन्ही नोड डाव्या कर्णिकेत जाऊन बसतात. त्यावर उपाय म्हणजे काहीही काढण्याआधी वर ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ लिहून टाकायचं. या आकृतीत गाळायचं काय हे तू सांगितलंस, ठेवायचं काय हे मी. तक्त्यात दोन्ही लिही.

सर : डीएनएच्या प्रतिकृतीचंही असंच होतं. फोर्क सुंदर काढतात, पण ५′ आणि ३′ लिहीतच नाहीत.

बाई : किंवा लिहितात आणि दोन्ही नव्या साखळ्यांचे बाण एकाच दिशेला दाखवतात. साच्याच्या दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने धावतात आणि नवी साखळी फक्त ५′ कडून ३′ कडे वाढते. त्यामुळे एक बाण फोर्ककडे आणि दुसऱ्या बाजूचे छोटे बाण फोर्कपासून दूर जातात. ओकाझाकी तुकडे त्या छोट्या बाणांनी दाखवायचे. एरवी लेबलला बाण नको म्हणते मी. इथले बाण हेच उत्तर आहे.

सर : मग न विचारलेली आकृती? ‘दुहेरी फलनाचं वर्णन करा’ असा तीन गुणांचा प्रश्न आहे, आकृतीचा उल्लेख नाही. माझा सल्ला, काढू नका. स्वतंत्र गुण नाहीत, तीन मिनिटं वाया.

बाई : माझा सल्ला, काढा, पण वेगळी आकृती म्हणून नाही, चार ओळींच्या ऐवजी. परागनलिकेतून दोन पुंयुग्मकं येतात. एकाचा संयोग अंडाशी होऊन झायगोट बनतो, दुसऱ्याचा दोन पोलर केंद्रकांशी होऊन एंडोस्पर्मचं पहिलं केंद्रक. भ्रूणकोषाच्या छोट्या रेखाटनावर दोन बाण आणि शेजारी ‘२एन’, ‘३एन’ लिहिलं की यातला बहुतेक मजकूर तिथे आला.

सर : आणि परीक्षक ते मजकूर म्हणून धरेल याची खात्री?

बाई : खात्री नाही. म्हणून ‘२एन’ आणि ‘३एन’ वाक्यातही लिहायचे. ज्या मुलाला इंग्रजीत चार वाक्यं सलग लिहायला जड जातं, त्याच्यासाठी मी हे सांगते. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं अकरावीला इंग्रजीतून जीवशास्त्र शिकायला येतात. त्यांचं वाक्य अडखळतं, पण रेघ अडखळत नाही. ज्याचं इंग्रजी वाहतं आहे त्याने तुझं ऐकावं.

सर : हा फरक मी केला नव्हता. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं आहेत आणि सगळ्यांना मी एकच यादी देत होतो.

बाई : यादी देच. फेब्रुवारीत यादी लागतेच. तीन गुणांच्या बारा प्रश्नांतून आठ निवडायचे असतात. ज्या मुलाच्या हाताला दहा-बारा आकृत्या पक्क्या बसल्या आहेत, तो आकृती मागणारे प्रश्न आधी उचलतो, कारण तिथे उत्तर पुरं झालं की अपुरं राहिलं हे त्याला स्वतःला दिसतं. हा तुझ्या तक्त्याचा खरा फायदा. फक्त माझं एक ऐक, आकृती छापून येणाऱ्या प्रश्नांचा रकाना वेगळा ठेव. त्यांचा सराव हाताने होत नाही. छापलेल्या आकृतीतली नावं कागदाच्या पट्टीने झाकायची आणि फक्त रेषेची टोकं बघून भाग ओळखायचे.

सर : तसाच पूर्वपरीक्षेत एक प्रश्न घालतो. अ‍ॅनाट्रोपस बीजांड छापतो, मायक्रोपाइल वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाठ केलेल्यांना ते ओळखीचं वाटणार नाही. सहा रेषा, नावं नाहीत. पुढे विचारतो की परागनलिका कोणत्या रेषेच्या टोकाजवळून आत शिरेल.

बाई : गुण किती?

सर : तीन. सहा नावांना प्रत्येकी अर्धा.

बाई : मग परागनलिकेला काहीच उरलं नाही. नावं चार ठेव, त्यांचे दोन गुण आणि परागनलिकेचा एक. आणि नमुना उत्तर आत्ताच लिहून काढ. तपासताना ठरवायला बसलास, तर पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांना एक माप लागेल आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्यांना दुसरं.